हाकलायचं होतं की संपवायचं? वंशसंहाराचा हेतू सिद्ध करताना

पार्श्वभूमी

नाशिकच्या एका विधी महाविद्यालयाचा तिघांचा संघ एका मूट कोर्ट स्पर्धेसाठी तयारी करत होता. दोघं बोलणार होते, आणि तिसरी संशोधन आणि लेखी निवेदन सांभाळणार होती. प्रश्नपत्रिकेतला खटला काल्पनिक होता: आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर एका ब्रिगेड कमांडरवर वंशसंहाराचा, म्हणजे जेनोसाइडचा, आरोप. मी नाशिकच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो. महाविद्यालयाच्या विनंतीवरून संध्याकाळी या मुलांना बसवत असे, म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं. स्पर्धेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कथानक असं. एका देशात इल्मा नावाचा सहा लाखांचा धार्मिक अल्पसंख्य समाज चार जिल्ह्यांत राहतो. यादवी युद्धाच्या आठ महिन्यांत सैन्य आणि सशस्त्र टोळ्या त्यांची गावं जाळतात. तीन लाख लोक परागंदा होतात आणि निरनिराळ्या ठिकाणी मिळून चार हजारांच्या आसपास मारले जातात. मग तरणा खोऱ्यातलं एक गाव पडतं. तिथे बावीस हजार इल्मा अडकलेले असतात. बायका आणि लहान मुलं बसमध्ये भरून सीमेपलीकडे सोडली जातात, तर तीन हजार शंभर पुरुष आणि मुलगे वेगळे काढले जातात. त्यातल्या चारशेंची कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका होते. उरलेल्या दोन हजार सातशेंना पाच दिवसांत तीन ठिकाणी गोळ्या घातल्या जातात. दोन महिन्यांनी ती प्रेतं यंत्रानं उकरून दुसरीकडे पुरली जातात.

बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावात 1995 मध्ये बोस्नियन सर्ब सैन्यानं हजारो मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. ते माहीत असलेल्याला ही मांडणी कुठून आली ते लगेच कळेल. प्रश्न तयार करणाऱ्यांनी ते लपवलंही नव्हतं. चारशे जणांची सुटका मात्र त्यांनी मुद्दाम घातली होती.

अडचण

1948 च्या वंशसंहार करारातल्या दुसऱ्या कलमात पाच कृत्यं दिली आहेत: गटातल्या लोकांना ठार मारणं, त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं, गटाचा शारीरिक नाश होईल अशी जगण्याची परिस्थिती जाणूनबुजून लादणं, गटात जन्म होऊ नयेत म्हणून उपाय योजणं, आणि गटातली मुलं बळजबरीनं दुसऱ्या गटात नेणं. यातलं एक कृत्य घडलं तरी पुरतं. पण ते राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं झालेलं असलं पाहिजे. या हेतूला विशेष हेतू म्हणतात.

अभियोगाच्या बाजूनं लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात मुलांनी कृत्यं भरभक्कम मांडली होती, पण हेतूला जेमतेम दीड पान दिलं होतं. त्या दीड पानात एका पुढाऱ्याचं भाषण होतं, "या खोऱ्यात त्यांचं बीज राहता कामा नये." त्याखाली मृतांचे आकडे होते.

मी विचारलं, "सेशन्सला खुनाचा हेतू कसा सिद्ध होतो?"

"हत्यार कोणतं, वार कुठे, किती, त्यावरून, सर."

"बरोबर. मग इथे दोन हजार सातशे खुनांचा हेतू सिद्ध झाला. पुढे?"

त्यावर तिघंही गप्प बसले. अडचण नेमकी तिथे होती. मारण्याचा हेतू असणं ही पहिली पायरी. त्या माणसाला इल्मा म्हणून निवडलं हेही दाखवलं तर छळाचा, म्हणजे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा, टप्पा गाठला जातो. वंशसंहारासाठी त्याच्याही पलीकडे जावं लागतं: एकेक माणूस मारण्यामागे त्या गटाचं अस्तित्व मिटवणं हे उद्दिष्ट होतं, हे दाखवावं लागतं. आणि आरोपी तर एका ओळीनं सुटू पाहतो, "आम्हाला ते इथून जायला हवे होते. संपवायचे नव्हते." 2007 च्या बोस्निया विरुद्ध सर्बिया निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हाच फरक धरला. एखाद्या प्रदेशातून समाजाला हुसकावणं कितीही भयंकर असलं, तरी तेवढ्यानं वंशसंहार होत नाही. त्या खटल्यात न्यायालयानं फक्त स्रेब्रेनिकात वंशसंहार मानला. बाकी बोस्नियातल्या छावण्या, वेढे आणि हत्या मान्य करूनही तिथे विशेष हेतू सिद्ध झाला नाही असं म्हटलं.

मुलांना या विषयात देशी आधारही फारसा नव्हता. भारतानं हा करार 1959 मध्ये मंजूर केला, पण वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा ना जुन्या दंडसंहितेत होता ना आजच्या न्याय संहितेत आहे. 2018 मध्ये 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दलच्या सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं ही पोकळी स्पष्ट शब्दांत नोंदवली होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मुलांचा लाडका होता. चारही जिल्हे, आठ महिने, सगळे मृत, सगळे विस्थापित, असा भव्य आरोप. ऐकायला जोरकस, पण पुराव्याच्या दृष्टीनं सगळ्यात कच्चा, कारण तीन लाख लोक जिवंत बाहेर पडले हे याच मांडणीच्या पोटात होतं. सैन्याच्या ताब्यात असताना माणसं मोठ्या संख्येनं जिवंत सोडली गेली, तर हुसकावण्याचा हेतू हे स्पष्टीकरण नुसतं शक्य राहत नाही, तर जास्त पटणारं होतं. बोस्नियन सर्बांचा नेता राडोव्हान कराजिच याच्या खटल्यात तसंच झालं. 2016 च्या निकालात स्रेब्रेनिकाबद्दल वंशसंहाराची शिक्षा झाली, पण 1992 साली इतर नगरपालिकांत घडलेल्या प्रकारांबद्दलच्या वंशसंहाराच्या आरोपातून तो सुटला. त्याच घटनांबद्दल मानवतेविरुद्धचे गुन्हे मात्र सिद्ध झाले.

दुसरा पर्याय होता आरोप आखडून घेण्याचा: फक्त तरणा खोरं, फक्त ते पाच दिवस. यात धोका वेगळा. कलमात "अंशतः" असा शब्द असला तरी कुठलाही लहानसा तुकडा चालत नाही, तो भाग गटाच्या दृष्टीनं ठळक असावा लागतो. इथे बावीस हजार म्हणजे सहा लाखांच्या चार टक्क्यांहूनही कमी. पण स्रेब्रेनिकाबद्दल दोषी ठरलेला बोस्नियन सर्ब सेनानी क्रस्टिच याच्या खटल्याच्या 2004 च्या अपील निकालात स्रेब्रेनिकातले सुमारे 40,000 मुस्लिम हे बोस्नियातल्या सगळ्या मुस्लिमांच्या तीन टक्क्यांच्या आतच होते, आणि तरी तो भाग पुरेसा ठरला. अपील पीठानं म्हटलं की आकडा ही सुरुवात आहे. त्या भागाचं गटाच्या टिकण्यात काय स्थान आहे, तो किती डोळ्यांपुढे असलेला आहे, आणि आरोपींचा हात कुठपर्यंत पोहोचत होता, हेही पाहायचं.

तिसरा पर्याय होता वंशसंहार सोडून मानवतेविरुद्धचे गुन्हे, म्हणजे संहार, अर्थात मोठ्या प्रमाणावरच्या हत्या, आणि छळ, हेच मुख्य आरोप करण्याचा. याला मुलांनी "माघार" म्हटलं. तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण निकालांचे आकडे वेगळं सांगतात. बोस्नियातल्या एका छावणीत कैद्यांना मारणारा गोरान येलिसिच वंशसंहाराच्या आरोपातून सुटला आणि इतर गुन्ह्यांसाठी त्याला 40 वर्षं झाली. क्रस्टिचला वंशसंहाराला साहाय्य केल्याबद्दल अपिलात 35 वर्षं. वंशसंहार हा शब्द लागला की शिक्षा आपोआप वाढते हा समज कोर्टाबाहेरचा आहे.

बरीच घासाघीस होऊन दुसरा पर्याय मुख्य आणि तिसरा त्याच्या खालोखाल पर्यायी आरोप म्हणून ठेवायचा असं ठरलं. बोलणाऱ्यांपैकी एकाला शेवटपर्यंत ते पटलं नव्हतं. चार जिल्ह्यांतल्या चार हजार मृतांना आपण वाऱ्यावर सोडतोय, असं तो म्हणायचा. माणूस म्हणून त्याचं चुकत नव्हतं. मात्र त्या मृतांसाठी पर्यायी आरोप होताच.

हेतूची बांधणी

इथून पुढचं काम खरं तर आमच्या ओळखीचं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजदारी वकिलाला शरद बिरधीचंद सारडा प्रकरण पाठ असतं. 1984 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितीजन्य पुराव्याचं पंचशील सांगितलं. त्यातली कळीची अट अशी की आरोपी दोषी आहे यापेक्षा वेगळा कुठलाही निष्कर्ष त्या परिस्थितीतून निघता कामा नये. 2015 च्या क्रोएशिया विरुद्ध सर्बिया निकालाची भाषा याच्या फार जवळची आहे: वागण्याच्या पद्धतीवरून हेतू धरायचा, तर त्यातून वाजवीपणे निघू शकणारा तो एकमेव निष्कर्ष असला पाहिजे. "वाजवीपणे" हा शब्द मी वहीत अधोरेखित करायला लावला. सुचेल ती प्रत्येक शंका खोडायची नसते. पुराव्यावर उभी राहू शकेल तेवढीच खोडायची.

दुसरी गोष्ट समजावायला जास्त वेळ लागला. मुलं प्रत्येक तुकडा वेगळा घेऊन त्याला विचारत होती, "यातून वंशसंहार दिसतो का?" भाषणातून? नाही, पुढारी असं बोलतातच. बसमधून? नाही, उलटच. उकरलेल्या थडग्यांतून? नाही, कुठलाही खुनी पुरावा लपवतो. असं एकेक बाजूला पडत गेलं आणि हाती काही उरेना. प्रत्येक घटना घडली हे स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवं, पण हेतूचा निष्कर्ष सगळ्या सिद्ध घटना एकत्र ठेवून काढायचा असतो.

मग आम्ही कागदाचे दोन रकाने केले. डावीकडे प्रश्न: नुसतं हाकलायचं असतं किंवा नुसते लढवय्ये संपवायचे असते, तर हे केलं असतं का? उजवीकडे प्रश्नपत्रिकेच्या परिशिष्टातली नोंद. तीन नोंदींनी चित्र फिरवलं.

मृतांत तेरा-चौदा वर्षांची मुलं, सत्तरीचे म्हातारे आणि कुबड्या घेतलेला एक माणूस होता. म्हणजे "लढण्याच्या वयाचे" हे स्पष्टीकरण इथे अडतं. क्रस्टिच अपिलातही मुलं, वृद्ध आणि गंभीर अपंगत्व असलेले पुरुष मारले गेल्याला असंच महत्त्व दिलं आहे.

दुसरी नोंद गोळ्या घालण्याआधीची. रांगेतल्यांची ओळखपत्रं गोळा करून जाळली होती. ज्याला पुढे अदलाबदलीत वापरायचं त्याचं नावगाव कोणी जाळत नाही. शत्रूच्या ताब्यातले आपले सैनिक सोडवायला हे कैदी कामाला आले असते, तरी ते मारले गेले.

तिसरी नोंद समाजाच्या घडणीची. घर, जमीन आणि लग्नसंबंध पुरुषांच्या नावानं चालणाऱ्या समाजातले जवळपास सगळे पुरुष एका आठवड्यात गेले, तर बायकामुलं जिवंत असूनही तो समाज त्या खोऱ्यात पुन्हा उभा राहत नाही. स्रेब्रेनिकाच्या निकालांत हाच तर्क आहे, आणि मला तो नेहमी थोडा अवघड वाटत आला आहे, कारण परिणाम आणि हेतू एकमेकांत मिसळण्याचा धोका त्यात असतो. परिणाम घडला एवढ्यानं भागत नाही. तो मारणाऱ्यांना आधीच ठाऊक होता हे म्हणावं लागतं. मुलांनी परिशिष्टातून एका अधिकाऱ्याचं वाक्य शोधलं, "पुरुष गेले की गाव गेलं." ते नसतं तर हा मुद्दा मी मागे ठेवायला सांगितला असता.

बायकामुलांच्या बसचं काय? क्रस्टिच अपिलात उत्तर आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आणि जगाची नजर होती, बायकामुलांना मारणं लपवता आलं नसतं. शिवाय नाश करण्याचा सगळ्यात परिणामकारक मार्गच निवडायला हवा अशी अट कायद्यात नाही. सक्तीचं स्थलांतर हे स्वतः त्या पाच कृत्यांत बसत नाही, पण बाकीच्या घटनांशेजारी ठेवलं तर हेतूचा पुरावा म्हणून चालतं.

कमांडरच्या डोक्यात काय होतं

आतापर्यंत सिद्ध होत होतं ते एवढंच, की त्या पाच दिवसांत कोणीतरी विशेष हेतूनं वागत होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र एक विशिष्ट माणूस होता. तो हत्यांच्या जागी गेल्याचा पुरावा नव्हता. टॅप केलेल्या फोनवर त्याचं बोलणं होतं, "डिझेल आणि माणसं सकाळपर्यंत पोहोचतील. किती उरलेत?" दुसऱ्या फोनवर, "बसमधल्या बायकामुलांना कोणी हात लावायचा नाही."

संघाला त्याला मुख्य गुन्हेगार करायचं होतं. खरा क्रस्टिच 2001 मध्ये तसाच दोषी ठरला होता, 46 वर्षांची शिक्षा घेऊन. अपिलात ते फिरलं. सैन्याच्या मुख्यालयातल्या काहींचा विशेष हेतू त्याला माहीत होता, आपल्या अधिकारातली माणसं आणि साधनं हत्यांसाठी वापरली जात आहेत हेही माहीत होतं, आणि त्यानं ते होऊ दिलं. पण तो हेतू त्याचा स्वतःचा होता हे सिद्ध झालं नाही. बाहेर काढल्या जाणाऱ्या नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी त्यानं केलेले प्रयत्न उलट बाजूला जात होते. म्हणून साहाय्यक. साहाय्यकाला दुसऱ्याचा हेतू माहीत असणं पुरतं, तो मनात बाळगावा लागत नाही.

"किती उरलेत?" यातून काय निघतं? माहिती नक्कीच. हेतू? ते तेवढ्यावर उभं राहत नाही. लेखी निवेदनात संघानं मुख्य गुन्हेगार म्हणून मागणी ठेवली, पण लगेच खाली साहाय्यक म्हणून पर्यायी मागणी सविस्तर मांडली. माझ्या मते क्रम उलटा हवा होता. पण निवेदन त्यांचं होतं.

निकाल

पहिल्या फेरीत पीठानं तरणा खोऱ्यात वंशसंहार झाल्याचं मान्य केलं आणि कमांडरला साहाय्यक ठरवलं. एका क्षणी गाडी घसरली होती. बोलणाऱ्या मुलानं पुराव्याची पातळी खाली आणण्यासाठी सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर याच्या प्रकरणातला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा 2010 चा अपील निर्णय पुढे केला. न्यायाधीशबाईंनी शांतपणे विचारलं, "तो निर्णय कोणत्या टप्प्यावरचा?" तो होता अटक वॉरंटच्या टप्प्यावरचा. प्राथमिक पीठानं 2009 मध्ये वंशसंहाराचं वॉरंट नाकारलं होतं, कारण तो हेतू हा एकमेव वाजवी निष्कर्ष नव्हता. अपील पीठानं सांगितलं की वॉरंटसाठी इतका पुरावा मागणं चूक आहे, आणि त्याच वर्षी वंशसंहाराचं वॉरंट निघालं. अंतिम शिक्षेच्या टप्प्यावर तो निर्णय काहीच सूट देत नाही. मुलानं ते कबूल करून मुद्दा सोडला, ते बरं केलं.

दुसऱ्या फेरीत तेच निवेदन, तीच मांडणी, पीठ दुसरं. या पीठाला चारशे जणांची सुटका पचली नाही. संपवायचंच होतं तर चारशे का सोडले? संघानं येलिसिच पुढे केला. ब्रच्को इथल्या छावणीत तो काहींना मारत होता आणि काहींना मनाला येईल तसे सुटकेचे पास देत होता. 1999 च्या निकालात या लहरीपणावरून खालच्या पीठानं विशेष हेतू नाकारला, तर 2001 मध्ये अपील पीठानं म्हटलं की असल्या लहरीमुळे हेतू आपोआप बाद होत नाही. उत्तर बरोबर होतं, पण इथे बसत नव्हतं. चारशेंची सुटका लहरीनं झाली नव्हती. तिच्यासाठी यादी, वाटाघाटी आणि सह्या झाल्या होत्या. पीठानं वंशसंहार सिद्ध नाही म्हटलं, संहार आणि छळ सिद्ध धरले, आणि संघ तिथे थांबला.

वेगळं काय करता आलं असतं

परतीच्या गाडीत संशोधन करणाऱ्या मुलीनं परिशिष्ट पुन्हा उघडलं. अदलाबदलीच्या यादीवर तारीख होती. करार गाव पडण्याच्या आदल्या दिवशी झाला होता, आणि चारशे जण हत्या सुरू होण्याच्या आधल्या रात्री ट्रकमध्ये बसवले गेले होते. यादी दोन्ही फेऱ्यांत त्यांच्या फाइलमध्येच होती, पण "प्रतिकूल पुरावा" म्हणून वेगळ्या कप्प्यात.

हेतूला तारीख असते. 2007 च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं स्रेब्रेनिकाबद्दल नेमकं तेच म्हटलं आहे: गाव घेण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा विशेष हेतू सिद्ध होत नाही. लष्करी उद्दिष्ट बदलल्यानंतर, गाव ताब्यात आल्यावर, 12 किंवा 13 जुलै 1995 च्या सुमारास तो सिद्ध होतो. आरोपींनी आठ महिने एकच उद्दिष्ट मनात धरलं होतं असं दाखवण्याची गरज नसते. हाकलण्याच्या मोहिमेचं संपवण्याच्या मोहिमेत रूपांतर एका रात्रीत होऊ शकतं, आणि ती रात्र पुराव्यातून दाखवता आली तर त्याआधीच्या सुटका उलट अभियोगाच्या कामी येतात. आधी कैदी जपले जात होते, त्यांच्या याद्या होत होत्या. मग याद्या बंद झाल्या आणि ओळखपत्रं जळू लागली.

यासाठी दोन रकान्यांच्या कागदाला तिसरा रकाना, तारीख आणि वेळ, जोडायला हवा होता. तो जोडला असता तर डिझेलचा फोनही वेगळा दिसला असता. "किती उरलेत?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या रात्री विचारला गेला होता, म्हणजे पहिल्या जागेवरच्या हत्या संपल्यानंतर आणि दुसरीकडच्या सुरू होण्याआधी. कमांडरला स्वतःचा हेतू होता असं त्यावरूनही मी म्हणणार नाही. पण माहिती कधीपासून होती हे तासाच्या हिशोबात ठरलं असतं, आणि त्यानंतर पाठवलेला प्रत्येक ट्रक साहाय्याच्या आरोपात मोजता आला असता.

दुसऱ्या पीठानं तरीही तेच म्हटलं असतं का? कदाचित. करारावर सही करणारा अधिकारी आणि हत्यांचे हुकूम देणारा अधिकारी एकच होता की वेगळे, हे परिशिष्टात कुठेच नव्हतं. एकच असेल तर उद्दिष्ट बदलल्याचा मुद्दा जड होतो. वेगळे असतील तर चारशे जण त्या दुसऱ्या माणसाच्या हातात कधी पडलेच नव्हते, आणि त्यांच्या सुटकेवरून त्याच्या हेतूबद्दल काहीच सांगता येत नाही.